लोहाराला नोटीस

आमच्या गावच्या मठाच्या ट्रस्टची मी सचिव झाले ती माझ्या अक्षरामुळे. शाळेतून निवृत्त होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, बाई, ठराव लिहायला कोणीतरी पाहिजे. बाकीचे विश्वस्त सहीपुरते. मला वाटलं, ठराव म्हणजे रंगरंगोटी आणि भंडाऱ्याचा मंडप. लोहाराचं प्रकरण माझ्याच हातून लिहिलं जाईल हे कोणी सांगितलं असतं तर त्या अध्यक्षांना मी चहासुद्धा दिला नसता.

मठाच्या मागे, रस्त्याला लागून, ट्रस्टची मोकळी जागा होती. सातबाऱ्यावर मठाचं नाव, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीतही तीच जागा. तिथे कडुनिंबाखाली एका लोहाराने फार वर्षांपूर्वी भाता लावला. आधी नुसती भट्टी, मग वर टिनं, मग कुडाच्या भिंती, मग विटांच्या. विळे-कुऱ्हाडींना धार लावायला सगळं गाव त्याच्याकडे जायचं. मीही माझी विळी त्याच्याकडेच द्यायचे. त्याने कधी कोणाला विचारलं नाही आणि गावाने कधी त्याला हटकलं नाही. आपल्याकडे निम्मं गाव असंच वसलेलं असतं.

मग त्या जागेवर मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधायचं ठरलं. वाईट काही नव्हतं त्यात. आमच्या पोरी परीक्षेचा अभ्यास गोठ्याच्या ओट्यावर बसून करतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारी निधीसाठी अट एकच, जागा ट्रस्टच्या मोकळ्या ताब्यात पाहिजे. भूमी अभिलेखवाल्यांनी मोजणी केली, खुणा रोवल्या, आणि लोहाराचं घर, भट्टी, म्हशीचा खुंटा, सगळं खुणांच्या आत आलं.

अध्यक्षांनी नोटिशीचा मसुदा स्वतःच करून आणला. आठ दिवसांत जागा खाली करा, नाहीतर जेसीबी लावू, लाईट कापू. मी तो कागद त्यांच्यादेखत फाडला. अध्यक्षांना राग आला, पण मी त्यांच्या मुलाला पाचवीत कोंबडा केलेलं त्यांना आठवत असावं, वकिलाला विचारू म्हटल्यावर ते तयार झाले.

आम्ही महागावला वकिलांकडे गेलो. वकील तरुण, पण डोकं थंड. त्यांनी आधी विश्वस्तांच्या सभेचा ठराव मागितला, सातबारा आणि मोजणीचा नकाशा पाहिला, आणि मग समजावलं. माणूस विनापरवानगी बसला असला तरी त्याला हाताला धरून काढता येत नाही. ताबा त्याने आपण होऊन द्यायचा, नाहीतर दिवाणी कोर्टाने द्यायला लावायचा, तिसरा रस्ता नाही. वीज-पाणी तोडायचं नाही, घोळक्याने दारात जायचं नाही. मग त्यांनी विचारलं, या माणसाकडून ट्रस्टने जागेचं भाडं म्हणून कधी काही घेतलं का? नाही, आम्ही म्हणालो. मग यापुढेही जागेपोटी काही घेऊ नका, ते म्हणाले, उद्या तो म्हणेल की मी भाडेकरू आहे.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. अध्यक्षांनीही ठेवलं होतं, पण अर्धंच.

नोटीस चांगली झाली होती, आजही तसंच म्हणेन. जागेचा गट क्रमांक, चतुःसीमा, ट्रस्टची मालकी. आपण सदर जागेचा वापर ट्रस्टच्या परवानगीशिवाय करीत आहात. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत आपलं सामान काढून जागा मोकळी करून द्यावी. आपल्याजवळ परवानगीचा काही कागद असल्यास, किंवा मुदतीबाबत काही सांगायचं असल्यास, लेखी कळवावं, विश्वस्त त्याचा विचार करतील. तसं न झाल्यास ट्रस्ट कायद्याने उपलब्ध मार्ग घेईल. बस, एवढंच. वकिलांनी सही केली, रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावती परत आली. पोचपावतीवर लोहाराची सही होती, मोठी, वाकडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या अंगणात उभा. हातात नोटीस, घडी घातलेली.

त्याला वाचता येत होतं, पण सरकारी भाषा जमत नव्हती. मी खुर्ची दिली, तो ओट्यावरच बसला. मी सगळी नोटीस वाचून दाखवली, एकेक ओळ सोपी करून. तो मान हलवत ऐकत होता. मुदतीबद्दलची ओळ पुन्हा वाचायला लावली.

मग म्हणाला, "बाई, मी कोनाले इचारलं नाही हे खरं हाय. जागा देवाची हाय, मी सोडतो. पन बुडी आजारी हाय, मले उन्हाळाभर ठेवा."

बुडी म्हणजे त्याची बायको. तिला दमा होता, बाजेवरून उठणं कठीण. मी म्हटलं, भाऊ, हेच एका कागदावर लिहून द्या, मी सभेत ठेवते. ग्रामपंचायतीत घरकुलासाठीही अर्ज करा, गावठाणात जागा मागा. त्याने दोन्ही कबूल केलं. जाताना माझी विळी मागून घेतली, धार गेली असेल म्हणाला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. कायदा आणि माणुसकी दोन्ही एका कागदावर मावली असं वाटलं, आणि तसं वाटून घेण्याइतकी मी अनुभवी असूनही भोळी होते.

नोटिशीची मुदत चालू असतानाच भंडारा आला.

आमच्या भंडाऱ्याची एक रीत आहे. वरणाचा मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढलं की गावातल्या प्रत्येक घराने आपली डाळ आणून त्यात टाकायची. कोणी पायलीभर, कोणी मूठभर, त्याला मोजमाप नाही. जात-धर्म नाही. बौद्धवाड्यातून येते, तांड्यावरून येते. सगळ्यांची पडली की गंजापाशी उभा असलेला माणूस मोठ्याने विचारतो, "कोनाचं घर राह्यलं काय?" लोक म्हणतात, "नाही." मग झाकण पडतं. झाकण पडलं की पुन्हा एक दाणाही आत जात नाही. ज्याची डाळ त्या गंजात नाही, तो त्या वर्षी गावात नाही असं आमच्याकडे धरतात. त्या वर्षी मेलेल्या माणसाच्या नावानेसुद्धा डाळ टाकतात.

मी मठात बायकांसोबत वांगी चिरत होते. बाहेरून तो प्रश्न ऐकू आला, मग "नाही" ऐकू आलं, मग झाकणाचा आवाज. नंतर मात्र नेहमीचा गलका झाला नाही. इतकी शांतता पसरली की मी वांगी तशीच टाकून बाहेर आले.

फाटकाशी लोहार उभा होता, नवं धोतर नेसून. पायाशी डाळीची टोपली, वर स्वच्छ फडकं. अध्यक्ष त्याच्यासमोर हात आडवा धरून. अध्यक्ष मला म्हणाले, वकिलानंच सांगितलं ना बाई, त्याच्यापासून काही घेऊ नका म्हणून.

मी म्हटलं, "जागेचं भाडं घेऊ नका म्हटलं होतं. ही डाळ आहे."

अध्यक्ष म्हणाले, कोर्टात काय सांगता येते, तो म्हणेल दरवर्षी ट्रस्ट माझ्यापासून घेत होती. त्यांना खरोखर तसं वाटत होतं, हे मला आजही जास्त लागतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. अर्धवट ऐकलेल्या कायद्याला घाबरलेल्या माणसाशी काय भांडणार? मी गंजाकडे गेले, झाकण काढा म्हटलं. झाकणापाशी उभा असलेला माझाच विद्यार्थी. त्याने मान खाली घातली. "पडलं बाई," एवढंच म्हणाला. शे-दीडशे माणसं उभी होती. कोणीही हललं नाही. मी अध्यक्षांना सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोहाराने वाद घातला नाही. टोपली उचलली, फडकं नीट केलं आणि आला तसा मागे गेला. पंगतीला त्याला कोणी नको म्हटलं नसतं. पण ज्याची डाळ नाही त्याने बसायचं कसं?

सोमवारी मी महागावला गेले. वकिलांनी ऐकलं आणि हातातला पेन खाली ठेवला. देणगी म्हणून इतरांसारखीच डाळ घेतली असती तर काहीच बिघडलं नसतं, म्हणाले. उलट माणसाला गावाबाहेर टाकणं हाच आता गुन्हा आहे, त्यासाठी वेगळा कायदा आहे. अध्यक्षांना फोन लावून त्यांनी चांगलं सुनावलं. मग मी अध्यक्षांना घेऊन लोहाराकडे गेले. अध्यक्ष ओशाळले होते, गैरसमज झाला म्हणाले, मुदत पाहिजे तेवढी घ्या म्हणाले, तसा ठरावही आम्ही करायला तयार होतो. लोहाराने आम्हाला पाणी दिलं. बुडी बाजेवरून बघत होती, तिच्या छातीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. डाळीची टोपली कोपऱ्यात तशीच होती, फडक्यासकट.

मी म्हटलं, ती डाळ मला द्या भाऊ, मी मठात नेते. तो नाही म्हणाला. मुदतीचा अर्ज लिहून आणला का विचारलं, तर म्हणाला आता कायले.

"जागा सोडतो म्हटलं होतं मी," तो म्हणाला. "गाव सोडतो नव्हतं म्हटलं."

मुदत संपायच्या आधीच त्याने घर खाली केलं. टिनं स्वतः उतरवली. ऐरण चार माणसांनी टेम्पोत चढवली, बुडीला बाजेसकट. बाभुळगावकडे पोरीच्या घरी गेले असं कळलं. आम्ही ताब्याचा पंचनामा केला, फोटो काढले, ताबापावतीवर त्याची सही घेतली. कागद असे स्वच्छ की कोणत्याही कोर्टात टिकतील. माझी विळी त्याने धार लावून शेजारणीकडे ठेवली होती. पावसाळ्याआधीच बुडी गेल्याचं कळलं. मी जावं की नाही यातच दिवस गेले, आणि गेले नाही.

या वर्षी अभ्यासिकेचा स्लॅब टाकून झाला. पोरी आत्ताच खिडक्यांच्या जागा मोजून बघतात, कोण कुठे बसणार म्हणून भांडतात. त्यांचं मला काही वाईट वाटत नाही, त्यांनी काय केलंय?

भंडारा आला. या वेळी मी वांगी चिरायला आत गेले नाही, गंजापाशीच उभी राहिले. सगळ्यांची डाळ पडली. माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, "कोनाचं घर राह्यलं काय?"

नेहमीचं "नाही" कोणाच्या तोंडून लगेच आलं नाही. मग मीच म्हटलं, "हो, एक राहिलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कोणाचं ते त्याला सांगायची गरज नव्हती. झाकण दोन्ही हातांनी धरून तो माझ्या जवळ झुकला आणि हळूच, शाळेत चूक दाखवताना मी जशी बोलायचे तसं समजावून म्हणाला, "बाई, ते आता गावात नाहीत. गावातलीच घरं मोजतात."

आणि त्याने झाकण ठेवलं.