भरताचा ठोका

आमच्या जळगावच्या पाइप कारखान्यात सगळ्यांना मनगटी घड्याळं वाटली, तेव्हा फुकटातलं म्हणून मीच सगळ्यात आधी हात पुढे केला. योजना आरोग्याची. पावलं, झोप आणि नाडी मोजायची, पॉइंट मिळवायचे आणि त्यावर विम्याच्या हप्त्यात सूट घ्यायची. मोबाइलवर लांबलचक मजकूर आला. मी तो बोटानं भर्रकन खाली सरकवला आणि ‘मान्य’ दाबलं. एरवी मी भाजीवाल्याकडे वांगं दहादा उलटून बघणारा माणूस! पण त्या दिवशी अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

तेव्हा माझं शिफ्ट सुपरवायझरचं जवळपास ठरलं होतं. अठरा वर्षं मशीनवर काढल्यावर ती खुर्ची मिळणार होती. खोटं कशाला बोलू, मी घरी आरशासमोर उभा राहून सूचना देण्याची तालीमही केली होती.

पुढच्या रविवारी सासुरवाडीला, चोपड्याच्या शेतात, भरीतपार्टी होती. साठ माणसांचं भरीत. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली आणि ठेचायचं काम नेहमीप्रमाणे जावयाच्या गळ्यात पडलं. मोठ्या लाकडी भांड्यात लाकडी दांडक्यानं तासभर ठोकत बसलो. घड्याळ त्याच हातात. मध्येच बघतो तर काय, नाडी एकशे बहात्तर! मी खूश. म्हटलं, आज पॉइंटांचा पाऊस.

पाऊस पडला, पण माझ्याच डोक्यावर. तीन-चार दिवसांनी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. “तुमची नाडी तासभर एकशे सत्तरच्या आसपास होती. मॅनेजर साहेबांनी रिपोर्ट पाहिलाय. तुमच्या प्रमोशनचं तूर्त थांबवू म्हणालेत. सुपरवायझरला ताण असतो ना.”

“मॅडम, मी भरीत ठेचत होतो हो!”

“ते रिपोर्टमध्ये येत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“आणि नावानिशी साहेबांकडे गेलं कसं? घड्याळं वाटताना तुम्ही तर म्हणाला होता, सगळ्यांचा मिळून आकडा दिसतो.”

मॅडमनी मी मान्य केलेला मजकूर काढून दाखवला. प्रत्येकाची माहिती नावासह कंपनीला आणि विमा कंपनीलाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. वर कळलं की नुसती पावलं देऊन नाडी पाठवणं बंद ठेवायचीही सोय होती. मी तिन्ही बटणं चालू करून बसलो होतो.

“मग आता बंद करतो. गेलेलं परत घेता येईल?”

“यापुढचं थांबेल. आधीचं काढायला आमच्याकडे अर्ज द्या, विमा कंपनीला वेगळा.”

घरी सांगितलं तर बायको कपाळावर हात मारून म्हणाली, “तुम्हले काय गरज व्हती? बठ्ठा गावले नाडी दाखाडत फिरतस!” सगळ्या गावाला नाडी दाखवत फिरतो म्हणे! रागच आला, पण खरंच होतं ते.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. ते हसत म्हणाले, “मनगटावरचं घड्याळ उजेडानं नाडी बघतं. हात एका तालात आपटला की ते कधीकधी तोच ताल नाडी म्हणून मोजतं. शंका आली तर स्वस्थ बसा, बोटानं मोजा.” मी दोन्ही अर्ज दिले, नाडी पाठवायचं बटण बंद केलं; आकडा आता फक्त घड्याळावर दिसायचा. पण खुर्ची लटकलेलीच.

शेवटी डोकं फिरलं. शुक्रवारी कॅन्टीनला भरीत असतं. मी ईसीजी घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. “साहेब, हे घड्याळ घाला आणि पाच मिनिटं ठेचा. नुसतं बसून.”

साहेब मूळचे धुळ्याचे. भरीत आम्हीच खरं ठेचतो म्हणत बाह्या सरसावल्या आणि जोरात सुरू झाले. सगळं कॅन्टीन भोवती जमलं. थोड्या वेळानं मॅडमनीच आकडा वाचला, “एकशे अडुसष्ट.” मी लगेच साहेबांचं दुसरं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. शंभरही भरेना.

लोक खो खो हसले. साहेब मात्र हसेनात. दांडकं तसंच हातात धरून त्यांनी हळूच विचारलं, “हे वर गेलं नाही ना? माझी पॉलिसी रिन्यू व्हायचीय.”

“नाही साहेब. घड्याळ माझ्या नावाचं, आणि नाडी पाठवायचं बटणही बंद केलंय मी.”

साहेबांनी मोठा श्वास सोडला, घाम पुसला, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

“हलकं वाटलं ना, साहेब?” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. “मला पंधरा दिवस झाले, तसं वाटलेलं नाही.”

साहेबांनी हात धुतले, मॅडमना म्हणाले, “याचं प्रमोशनचं पत्र आणा,” आणि जेवायच्या आधी सही केली.