अक्षरं जुळेपर्यंत

चाकणच्या आमच्या लॅबमध्ये गाड्यांच्या स्प्रिंगा मोडेपर्यंत पुन्हापुन्हा दाबतात. कुठली स्प्रिंग किती ताणावर, किती लाख फेऱ्यांनी मोडली, याची नोंद काका ठेवायचे. पुनावळ्याचे, लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. मी नोकरी सांभाळून पीएचडी करत होते आणि माझा पहिला पेपर त्यांच्या वहीवरच उभा होता. माझं काम म्हणजे त्या आकड्यांचे ठिपके आलेखावर मांडायचे आणि त्यांतून जाणारी रेषा बसवायची. ती सुरुवातीला झपकन उतरते आणि पुढे जवळजवळ सपाट होते.

साखरेच्या आजारानं काकांचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यात रक्त उतरायला लागलं होतं.

एकदा शिफ्ट सुटताना ते टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, आपले ठिपके कुटं कुटं पडले, तेवढं एकदा बगू द्या. स्क्रीनवर न्हाई, डोळ्यात पाणी येतंय. कागदावर द्या. डॉक्टर काय भरवसा देईना."

आलेख तयार होता. स्क्रीनभर मोठा, दहा इंच रुंद. बटण दाबलं असतं तर अख्ख्या पानावर छापून निघाला असता. मी म्हणाले, "थोडं थांबा काका, अजून नीट झालेला नाही. पेपरमध्ये बसला की देते."

नीट झालेला नाही म्हणजे काय, तर अक्षरं. पेपर लॅटेक नावाच्या, छपाईची पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता, दोन रकान्यांचा. तो दहा इंची आलेख साडेतीन इंचांच्या रकान्यात कोंबला की अक्षांवरचे आकडे मुंगीएवढे व्हायचे. शिवाय मजकूर टाइम्स या टाइपात आणि आलेखातली अक्षरं भलत्याच बिनटोकाच्या वळणाची. माझा स्वभाव असा की ताटात लोणचं डाव्या बाजूला नसेल तर मला घास उतरत नाही. म्हटलं, काकांच्या हातात द्यायचा तर शोभेलसा द्यायचा.

मग मी हात धुऊन मागे लागले. आलेख मुळातच रकान्याच्या रुंदीचा काढला. अक्षरं लॅटेककडूनच, मजकुराच्याच टाइम्समध्ये, नऊ पॉइंटची घेतली. तरी छापल्यावर ती मजकुराहून किंचित मोठी दिसायची. आठवडाभर डोकं फुटायची वेळ आली. शेवटी कळलं, कडेची रिकामी जागा कापायचा पर्याय मी सवयीनं चालू ठेवला होता. त्यानं आलेख थोडा अरुंद होत होता आणि लॅटेक त्याला ताणून पुन्हा रकान्याएवढा करत होतं. तो पर्याय बंद केला, मापं जुळली. मग छोट्या आलेखात, कुठली खूण कशाची ते सांगणारी चौकट तीन ठिपक्यांवर बसली. ती हलवली. पोकळ ठिपक्यांच्या कडा जाड वाटल्या, त्या बारीक केल्या.

या दिवसांत काकांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी जरा वैतागूनच म्हणाले, "देते म्हटलं ना." ते हसून मशीनकडे गेले. त्या हसण्याची आठवण आली की अजून स्वतःचा राग येतो.

तीन आठवड्यांनी आलेख मनासारखा झाला. मजकुरातला आकडा आणि अक्षावरचा आकडा शेजारी ठेवला तर एकाच हातचा वाटावा इतका. त्या आठवड्यात काका कामावर आलेच नाहीत. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. दुसराही डोळा गेला होता.

रविवारी मी पिंपळे गुरवहून पुनावळ्याला गेले. काका पलंगावर बसले होते. मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे वळवला, मग मांडीवर ठेवला.

"उशीर झाला काका," मी म्हणाले. "अक्षरं जुळत नव्हती."

"अक्षरं?" त्यांना खरंच कळेना. "अक्षरं कशाला बगायची व्हती मला? आकडे मीच लिवलेत, पाठ हायेत. ठिपके बगायचे व्हते."

मी त्यांचं बोट धरून पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि म्हणाले, ही पहिली मोडलेली स्प्रिंग. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तिथून रेषेवरून खाली, ती सपाट होते तिथपर्यंत. ते मान हलवत होते. मग बोट उचलून त्यांनी पुन्हा एकदा आपणच कागदावर फिरवलं.

"कागद गुळगुळीत हाय ताई," ते म्हणाले. "कायच लागत न्हाई हाताला."