ए-नॉटचं कार्ड

उल्हासनगरात कॅम्प तीनला माझा क्लास आहे. खाली जीन्स शिवण्याचा कारखाना, वर आम्ही. मशिनी चालू झाल्या की बाकं बारीक थरथरतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवतो, त्यातही एम-थ्री, म्हणजे ज्या पेपरात निम्मं कॉलेज गारद होतं तो. माझा क्लास चालायचा तो एका कार्डावर. तळहातात मावेल एवढं, लॅमिनेट केलेलं, दोन्ही बाजूंनी सूत्रं. फोरिअर सिरीजची, म्हणजे कुठलीही लाट साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडण्याची, सगळी सूत्रं एका बाजूला. मुलं ते आयकार्डाच्या पाकिटात घालून फिरायची, आणि दुसऱ्या क्लासची मुलं त्याची झेरॉक्स काढायची. मला त्याचा राग यायचा आणि आनंदही व्हायचा, आनंद जरा जास्तच.

क्लासची सुरुवात सूत्रं म्हणण्याने. पाढे म्हणतात तसं सगळ्यांनी एका सुरात. पहिलं सूत्र ए-नॉटचं, म्हणजे सिरीजच्या पहिल्या पदाचं. ‘ए-नॉट बरोबर एक भागिले पाय, इंटिग्रेशन शून्य ते दोन पाय...’ खालच्या कारखान्यातला मास्टर एकदा म्हणाला होता, "सर, हमारे कारीगरों को भी याद हो गया है." मी ते अभिमानाने सगळ्यांना सांगत फिरलो.

त्या वर्षी एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. आनंदनगरच्या एमआयडीसीत बॅटरी चार्जर बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला होत्या, राहायला बदलापुरात कुळगावला. डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या, मग नोकरी सांभाळून डिग्री केलेली. सगळे विषय सुटले होते, फक्त एम-थ्री दोनदा राहिला होता. कारखान्यात इंजिनिअरची एक जागा रिकामी होती. साहेबांनी सांगितलं होतं की या निकालाला मार्कशीट आणली तर जागा तुमची, नाहीतर बाहेरून माणूस घेऊ. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सरळ सांगितलं. मी म्हणालो, "कार्ड पाठ करा, बाकी माझ्यावर सोडा."

बाई पाठ करायच्या नाहीत. सगळे सुरात म्हणत असताना त्या कार्डाकडे टक लावून बघत बसायच्या. मला हे चालत नाही. एकदा मी सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, मौनव्रत आहे का आज?" पोरं हसली. त्यासुद्धा हसल्या, पण तोंड उघडलं नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले असतील. संध्याकाळच्या बॅचमध्ये त्यांनी हात वर केला.

"सर, एक विचारू? आमच्याकडे रोज रेक्टिफायर टेस्ट करतो. साइनची खालची अर्धी लाट वर उलटते, ती. शिखर दहा व्होल्ट धरा. डीसी मीटर म्हणजे सरासरी, ती साडेसहाच्या आतच येते. सिरीजमधलं पहिलं पद म्हणजे सरासरीच ना?"

"हो. मग?"

"कार्डाने काढलं तर पहिलं पद पावणेतेरा येतंय. लाट दहाच्या वर जातच नाही, मग सरासरी दहाच्या वर कशी जाईल?"

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "इथे मीटर चालत नाही. परीक्षेत सूत्र चालतं. सूत्राला का विचारायचं नसतं." बाई "बरं सर" म्हणून बसल्या. कोणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं.

क्लास सुटल्यावर मी एकटाच बसून करून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. कार्डावर ए-नॉट काढताना एक भागिले पाय, आणि सिरीज लिहिताना नुसता ए-नॉट. एक पुस्तक ए-नॉट काढताना पायने भागतं आणि सिरीजमध्ये त्याचं अर्धं लिहितं. दुसरं दोन पायने भागतं आणि ए-नॉट अख्खा लिहितं. दोन्ही बरोबर. तीन वर्षांपूर्वी मी कार्ड नव्याने छापायला दिलं तेव्हा वरची ओळ एका पुस्तकातून घेतली आणि खालची दुसऱ्यातून. एक चप्पल याची, एक त्याची. बोर्डावर माझा हात सवयीने अर्धंच लिहायचा, आणि मुलांनी विचारलं की मी म्हणायचो, "दोन्ही चालतं." बऱ्याच गणितांत ए-नॉट शून्यच येतो, म्हणून तीन वर्षं निभावलं.

चूक कळली, पण ते अर्धं येतंच का, हे मला सांगता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पंधरा वर्षं शिकवतोय मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी माझीच वही चाळताना मागच्या पानांवर ऑर्थोगोनॅलिटी सापडली, म्हणजे दोन वेगळ्या लाटांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन शून्य येतं ते. हा प्रश्न मी वेगळाच शिकवायचो, फोरिअरनंतर दोन आठवड्यांनी. ‘साइन आणि कोसाइनचा संच ऑर्थोगोनल आहे हे सिद्ध करा.’ वेळ नसेल तर पोरांना सांगायचो, सोडून द्या. तेच पान आणि कार्ड शेजारी ठेवलं आणि मी अक्षरशः लाजलो. ती दोन गणितं नव्हतीच, एकच होतं. कार्डावरचं एकेक सूत्र त्या सोडून दिलेल्या पानातून निघत होतं, आणि मी पंधरा वर्षं फळ विकत होतो, झाड कुठे आहे ते न बघता.

संध्याकाळी मी बोर्डापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "आज म्हणायचं नाही. कार्डं खाली ठेवा. कार्डात चूक आहे, आणि ती माझी आहे." खालच्या मशिनींचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता.

मग साइन दोन एक्स आणि साइन तीन एक्स काढले, शून्य ते दोन पाय. दोघांचा गुणाकार काढला. काही भाग रेषेच्या वर, काही खाली. "वरचं क्षेत्रफळ धन, खालचं ऋण. बेरीज किती?" शून्य. कारण गुणाकार फोडला की कोसाइन एक्स आणि कोसाइन पाच एक्स यांची वजाबाकी उरते, तीही निम्मी. दोन्ही या अंतरात पुरे फेरे घेतात, म्हणून दोन्हींचं इंटिग्रेशन शून्य. साइन आणि कोसाइन गुणले तरी तेच. पण साइन तीन एक्सला त्यानेच गुणलं तर? वर्ग कधी ऋण होत नाही. फोडल्यावर कोसाइन सहा एक्सचं इंटिग्रेशन शून्य होतं आणि शून्याचा कोसाइन उरतो, म्हणजे एक, त्याचं निम्मं, गुणिले दोन पाय. उत्तर पाय.

"आता सिरीज मांडा. हवा तो गुणक निवडा. समजा कोसाइन सात एक्सचा. सगळ्या ओळीला कोसाइन सात एक्सने गुणा आणि इंटिग्रेट करा. बाकी सगळे मरतात. एकच जिवंत राहतो, आणि त्याच्यासोबत पाय येतो. म्हणून पायने भागायचं."

खालच्या कारखान्यात संध्याकाळी झाडलोट झाली की लोहचुंबक फिरवतात. चिंध्या, दोरे, पितळी बटणं तिथेच पडून राहतात, तुटलेल्या सुया तेवढ्या चिकटतात. मी म्हणालो, तसंच. पोरांना ते लगेच पटलं, त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

"आणि ए-नॉट?" मी विचारलं. उत्तर मीच सांगणार होतो, पण माझं लक्ष बाईंकडे गेलं. त्या वहीत भराभर लिहीत होत्या.

"त्याला एकने गुणायचं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "म्हणजे नुसतं इंटिग्रेशन. सगळ्या लाटा शून्य. एकचा वर्ग एकच, त्याचं क्षेत्रफळ दोन पाय. बाकीच्यांचं पाय. म्हणून याला दुपटीने भागायचं, नाहीतर पायने भागून नंतर निम्मं करायचं." मग मान वर केली. "दहा व्होल्टचे सहा पॉइंट सदतीस. मीटर बरोबर आहे, सर."

पोरांनी बाकं वाजवली. मीही टेबल वाजवलं, आणि मनापासून वाजवलं. सगळ्यांनी पेनाने कार्डावर दुरुस्ती करायचा प्रयत्न केला. लॅमिनेशनवर पेन काही उठेना.

कार्ड छापून देणारे सिंधी काका आमच्याच गल्लीत. त्यांना सांगितलं तर त्यांनी हात जोडले. "वडी साईं, हमने तो वही छापा जो आपने दिया. नया निकालूँ क्या?" मी नको म्हणालो. त्यांना वाईट वाटलं, पण चहा पाजला.

परीक्षा झाली, आणि मी निकालाची वाट पोरांपेक्षा जास्त पाहिली. एका रविवारी दुपारी बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिना चढून आल्या. "सुटला, सर. साहेबांना मार्कशीट दाखवली, सोमवारपासून नवीन टेबल." त्यांचा आवाज थरथरत होता, आणि रविवार असल्यामुळे मशिनी बंद होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी दोन पेढे एकदम खाल्ले.

"फोरिअरला काय आलं होतं?"

"शून्य ते दोन पायऐवजी शून्य ते तीनवर आलं होतं. त्याचं सूत्र आठवेचना. मग गुणलं आणि इंटिग्रेट केलं. वर्गाचं क्षेत्रफळ दीड आलं, दीडने भागलं. एकचं तीन आलं, तीनने भागलं. सूत्र लागलंच नाही."

मी खूश होऊन म्हणालो, "बघा, क्लास लावला ते बरं केलंत. कोणी पाठवलं होतं तुम्हाला माझ्याकडे?"

त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. माझ्या कार्डाची झेरॉक्स, कडा झिजलेल्या. तिच्यासोबत त्यांच्या मागच्या उत्तरपत्रिकेचं एक पान, युनिव्हर्सिटीकडून मागवलेलं. पहिल्याच पदावर लाल रेघ, पुढचं सगळं त्यावर उभं म्हणून तेही कापलेलं. पेपर दोन मार्कांनी राहिला होता.

"दोन्ही वेळा याच्यावरच अभ्यास केला होता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "चूक आहे हे कळलं होतं. का आहे ते कळत नव्हतं. म्हटलं, ज्यांनी बनवलंय त्यांनाच विचारावं."

"मग त्या दिवशी हे दाखवलं का नाहीत? मी एवढा बोललो तुम्हाला."

"पोरांसमोर?" त्या म्हणाल्या. "मीटरचं विचारलं ना."

मग त्यांनी बॉक्स पुढे केला आणि म्हणाल्या, अजून एक घ्या. मी घेतला.