बहात्तर की सत्त्याहत्तर

एक मूर्खपणा आधीच कबूल करते. पंधरा वर्षांपूर्वी जळगावात आमच्या कॉलनीत आधारचा कॅम्प लागला, तेव्हा मी माझं वय पाच वर्षांनी कमी सांगितलं.

मशीनवर बसलेल्या मुलाने विचारलं, "काकू, जन्माचा काही कागद?" कागद घरी, ट्रंकेत. आणि मागे रांगेत वरच्या मजल्यावरची शेजारीण कान टवकारून उभी. ती साठीची, आणि मी तिच्यापेक्षा लहान, असं मी तिला कित्येक वर्षं भासवत आले होते. मी ठसक्यात म्हणाले, "लिही सत्तावन्न!" त्याने लिहिलं. कार्डावर तारीख नाही, नुसतं साल छापून आलं, पण ते साल मला फार आवडलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची आणि अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, कॅम्पच्या चार वर्षं आधी, निवृत्त झाले होते. हे गणित माझ्या डोक्यात आलं नाही. शेजारणीच्या नक्की आलं असणार. ती बाई हसत घरी गेली होती.

त्या सालाने पुढे बरीच वर्षं मला त्रास दिला नाही. बँकेत पेन्शनच्या आदेशावर माझी खरी तारीख होती, म्हणून ठेवीवर ज्येष्ठांचं जादा व्याज मिळत होतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तर वयाची कोणी चौकशीच केली नाही.

मग धाकटी बहीण पंचाहत्तरची झाली. ती धुळ्याला असते. नात्यातल्या एका लग्नासाठी तिला घेऊन मी धुळ्याहून जळगावला निघाले. कंडक्टरने आमची आधारकार्डं पाहिली. पंचाहत्तरच्या पुढे एसटी फुकट, म्हणून तिच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवलं आणि माझ्याकडे वळला. "तुमचं अर्धं लागेल, आजी." मग बहिणीला म्हणाला, "धाकट्या बहिणीला सांभाळून बसवा हं."

तिला हेच हवं होतं. पारोळा येईपर्यंत तिने मला तीनदा "लहानी" म्हणून हाक मारली. पाण्याची बाटली मलाच काढायला लावली. लग्नघरी सगळ्यांना सांगत सुटली, "हाई मनी लहानी बहीन शे!" नवरीच्या आजीने मला खरंच "ये गं पोरी" म्हटलं. मी सत्त्याहत्तरची. माझ्या पाठीवर वाढलेल्या पोरीची मी धाकटी झाले होते. ते मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी तहसील कचेरीतल्या सेतू केंद्रात ज्येष्ठ नागरिक कार्डाचा अर्ज करायला गेले. खिडकीतली मुलगी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिली.

"आजी, पेन्शनच्या आदेशात तुम्ही सत्त्याहत्तरच्या. आधारवर बहात्तरच्या. खरं कोणतं?"

"आदेश."

"मग आधारवर असं कसं?"

"तरुणपणी चूक झाली."

"बासष्टाव्या वर्षी?" ती हिशोबाला पक्की होती. माझ्या शाळेत असती तर शाबासकी दिली असती. "आधी आधार दुरुस्त करा. जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा नीट बघून भरा. मग या."

आधार केंद्रात तीन तास बसले. मॅट्रिकचं सर्टिफिकेट नेलं होतं, पण त्यावर माहेरचं नाव, म्हणून ते बाजूला सरकवलं. पेन्शनचा आदेश मात्र चालला. त्यावर सासरचं नाव, तारीख आणि सरकारी शिक्का, सगळं होतं. बोटांचे ठसे काही उमटेनात. खडूने झिजलेली बोटं ती. चौथ्या खेपेला मशीनने मानलं. पडद्यावर तारीख दाखवून ऑपरेटर म्हणाला, "वाचून बघा, आजी. पुन्हा बदलणार नाही." मी चष्मा पुसून दोनदा वाचली. स्वतःचं वय वाढवून घेण्यासाठी इतकं सावध बसलेली बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

काही आठवड्यांनी आधार दुरुस्त होऊन आलं, मग सेतूतून कार्डही मिळालं. त्याच आठवड्यात मी धुळे गाठलं आणि बहिणीला जबरदस्तीने एसटीत बसवलं. तिला म्हटलं, देवदर्शनाला जाऊ. देव कुठला, ते मी ठरवलंच नव्हतं.

कंडक्टर आला. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. शून्य रुपयांची दोन तिकिटं निघाली. मी माझं तिकीट बहिणीच्या डोळ्यांसमोर नाचवलं आणि म्हटलं, "आता सांग, मोठी कोण?"

तिने तिकीट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "तूच मोठी शेस, अक्का. मंग आते उतरनं की चहा बी तूच पाज."