माझं अर्धंच बोलणं काहून लावलं?

वसमतच्या घराच्या ओसरीत माझी जाऊ आणि मी आमच्याच शेतातली हळद पाकिटात भरून विकतो. ओळखीचे लोक डोळे झाकून न्यायचे, पण वेबसाइट काढली आणि नवी माणसं नुसती बघून परत जाऊ लागली. वेबसाइट दिरानं बनवली होती. तो म्हणाला, "वहिनी, अभिप्राय पायजेत. अनोळखी माणूस कशावर विश्वास ठेवील?"

मी म्हटलं, लाव बाबा. चार दिवसांनी डोंगरकडा गावच्या नर्सताईंचा फोन आला. आमच्या जुन्या गिऱ्हाईक त्या.

"माझं अर्धंच बोलणं काहून लावलं? आणि फोटूतली ती गोरीपान बाई कोण हाय?"

मी मोबाइल उघडला आणि माझं डोकंच फिरलं. तीन अभिप्राय होते. त्यातले दोन दिरानं मनानंच लिहिलेले, इंटरनेटवरचे हसरे चेहरे लावून. तिसरा नर्सताईंचा, पण फोटो भलत्याच बाईचा. "हळद लई चांगली, घरभर वास सुटला," एवढाच. त्यांचा खरा निरोप माझ्या मोबाइलवर होता. त्यात पुढं लिहिलं होतं की रंग फिका आहे आणि पाकीट फुटून निम्मी हळद पिशवीत सांडली.

"अरे, ही काय थट्टा लावलीस?" मी दिराला म्हटलं.

"समदेच करून राहिलेत, वहिनी. मग पाचपन्नास जणांना फुकट पाकीट देऊन चांगलं लिहून घेऊ का?"

"घे की! पण फुकट दिलं म्हणून तिथंच लिही. हाय तयारी?"

जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती.

दोन्ही खोटे अभिप्राय मी माझ्यासमोर काढायला लावले. नर्सताईंना विचारून त्यांचं नाव, गाव आणि अख्खा निरोप ठेवला, एक अक्षर न बदलता. फोटो नको म्हणाल्या, तर नाही लावला. खाली आमचं उत्तर लिहिलं: पाकीट आता जाड घेतलंय, तुमची सांडलेली हळद भरून दिलीय. रंग मात्र असाच राहील. हळकुंडं पॉलिश करताना आम्ही वरून रंग टाकत नाही.

"एकच अभिप्राय, त्यात तक्रार!" दीर कपाळावर हात मारून म्हणाला. "दुकान बुडवायचं हाय का?"

"बुडलं तर बुडू दे. खोट्या बायांच्या तोंडानं मला हळद विकायची न्हाई."

बोलून गेले खरी, पण नंतरचे दिवस फोनकडं बघण्यात गेले. ऑर्डर नव्हती. जाऊसुद्धा माझ्याकडं बघेना. मला भीती वाटत होती, लपवत नाही.

मग एका दुपारी नागपूरहून अनोळखी बाईंचा फोन आला. दीर समोरच बसला होता, म्हणून मी स्पीकर लावला.

"वेबसाइट बघितली," त्या म्हणाल्या. "दोन किलो फिकीच पाठवा. आणि पाकीट जाडच ना आता?"

"जाडच हाय," माझ्या आधी दीरच बोलला.