वर्गशिक्षिकेला दिलेलं उत्तर

सन १९५४, जून महिन्याचा पहिला रविवार. रक्कम दरमहा वीस रुपये. हजर मी, माझा थोरला भाऊ, वहिनी, आणि खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकणारी आमची आई.

आईची उजवी बाजू त्या वर्षी लुळी पडली होती. मी कोपरीत वरच्या मजल्यावर एका खोलीत राहत होतो. दादाचं घर नौपाड्यात, तळमजल्याचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं, म्हणून आई त्याच्याकडे राहिली. दिवसभर तिच्याजवळ बसायला, तिला भरवायला, कूस बदलायला एक बाई ठेवायचं ठरलं. खाडीकडच्या वस्तीतली एक विधवा मिळाली. सगळे तिला मावशी म्हणत. तिचा पगार वीस रुपये. बारा मी द्यायचे, आठ दादाने. आईचं खाणं आणि औषध दादाकडे. मला हे वाजवी वाटलं. पहिल्या तारखेला ऑफिसातून येताना वाट वाकडी करून मी नौपाड्यात जाऊन बारा रुपये वहिनींच्या हातात देत असे.

त्याच महिन्यात माझी मुलगी आठवीत गेली. तिची शाळा नौपाड्यातच, दादाच्या घरापासून पाच मिनिटांवर. प्रवेशाच्या वेळी कारकुनाने विचारलं, "चिठ्ठी पाठवायची झाली तर शिपाई कोपरीपर्यंत येणार नाही. इकडचा पत्ता आहे का?" मी दादाचा पत्ता दिला आणि स्थानिक पालक म्हणून त्याचंच नाव घातलं. बऱ्याच जणांची तशीच सोय असे. मुलीला अर्धी माफी मिळाली होती. फी महिना चार रुपये, आम्ही दोन भरत होतो. अट इतकीच, की हजेरी चांगली हवी आणि गैरहजेरीचं कारण शाळेला पटलेलं हवं.

डिसेंबरात एका संध्याकाळी घरी पोचलो तर टपालाने आलेलं पाकीट वाट पाहत होतं. मुलीच्या वर्गशिक्षिकेचं पत्र, थेट माझ्या नावाने. त्यांनी लिहिलं होतं की मुलगी बहुतेक सोमवारी आणि गुरुवारी गैरहजर असते. याबद्दल पूर्वी दोनदा विचारणा केली, तेव्हा तिला वारंवार ताप येतो असं उत्तर आलं. परंतु उत्तरावरची सही प्रगतिपुस्तकावरच्या वडिलांच्या सहीशी जुळत नाही. मुलगीही हजर असते तेव्हा आजारी दिसत नाही. तरी खुलासा करावा. असंच चाललं तर वार्षिक परीक्षेला बसवण्याबद्दल आणि माफीबद्दल विचार करावा लागेल.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मुलीला त्या वर्षी ताप असा आलाच नव्हता.

ती कोपऱ्यात गणितं करत होती. मी विचारलं, "सोमवारी तू कुठे असतेस?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "काकूकडे."

"शाळेच्या वेळात?"

"तुम्हाला माहीत आहे ना?" ती म्हणाली. "काकू म्हणाली, बाबांना सांगितलंय, त्यांनी हो म्हटलंय. म्हणाली, ते कामाने दमून येतात, घरी त्याचा विषय काढू नकोस."

माझी बायको चुलीपाशी होती. ती उठून आली. "अगं, मग मला तरी बोलायचंस!"

"मला वाटलं, बाबांनीच मला तिकडे दिलंय," मुलगी म्हणाली आणि पुन्हा वहीत बघू लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी दुपारपासूनची रजा काढली आणि दोनच्या सुमाराला दादाच्या दारात उभा राहिलो. त्या दिवशी मुलीला शाळेतच पाठवलं होतं. दार वहिनींनी उघडलं. चपला घातलेल्या, हातात शिवणाची पिशवी, चेहरा त्रासलेला.

"भावजी, तुम्ही? बरं झालं आलात. आज तुमची लेक आलीच नाही हो. माझा वर्ग खोळंबलाय."

"कसला वर्ग?"

मग हळूहळू कळलं. गणपतीनंतर वहिनींनी आठवड्यातून दोन दुपारी ओळखीच्या एका घरी बायकांना शिवण शिकवायला सुरुवात केली होती. त्याच सुमाराला मावशीला काढलं होतं. मी जायचो संध्याकाळी, तेव्हा ती एरवीही घरी गेलेली असे, म्हणून मला कळलं नव्हतं. बाकीचे पाच दिवस त्या स्वतः घरी असत. उरलेल्या दोन दिवसांना माझी मुलगी.

मी आत गेलो. आईने डावा हात उचलला. तिचं बोलणं जड झालं होतं, तरी मला समजत असे. "पोरीला शाळा आहे," ती म्हणाली. "मी सांगत होते." तिचे ओठ कोरडे होते. मी तिला चमच्याने पाणी पाजलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. "मावशी धड काम करत नव्हती," त्या म्हणाल्या. "शिवाय आजीचं करायला नात असताना परक्या बाईला पैसे कशाला घालायचे?"

"मी तर घालत होतो, वहिनी. या महिन्याचे बारासुद्धा तुम्ही मोजून घेतलेत."

त्यावर त्या म्हणाल्या, "घरात हजार खर्च असतात. हे ह्यांच्याशी बोला."

संध्याकाळपर्यंत मी आईजवळ थांबलो. दादा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, शिस्तीचा माणूस. माझ्या नोकरीचा अर्ज त्याने लिहिला होता, मुंज झाल्यावर संध्या त्याने शिकवली होती. तो आला, टोपी खुंटीला लावली, पाय धुतले. मी पत्र पुढे केलं. त्याने ते चष्मा लावून वाचलं.

"सही जुळवून बघितली बाईने. हुशार आहे," तो म्हणाला.

"दादा, ताप आला म्हणून तू का लिहिलंस?"

"मग काय लिहू? मुलगी घरी म्हातारीचं भांडं उचलते, असं? चार लोकांत तुझीच शोभा झाली असती."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाला असतास."

तो हे अगदी सरळपणे म्हणाला. मी नाही म्हणेन हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच विचारलं नव्हतं. शाळेला माझ्या जागी उत्तर गेलं, मुलीला माझ्या नावाने सांगितलं गेलं, आणि मला काहीच नाही.

"आता तू उत्तर देशील तेव्हा जपून दे," तो म्हणाला. "माझं नाव कागदावर घालू नकोस. आणि आईचं तुला तुझ्या खोलीत नेऊन करायचं असेल तर खुशाल ने. जिना किती अरुंद आहे ते मी पाहिलंय."

मी मावशीच्या घरी जाऊन तिला परत बोलावलं आणि आठवडाभरात ती कामावर आली. तेवढं सोपं होतं. उत्तर लिहिणं सोपं नव्हतं.

पहिला मसुदा तीन पानी झाला. त्यात सगळं होतं. आईचा आजार, मावशी, बारा रुपये, शिवणाचा वर्ग, दादाची सही. बायकोला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"हे बाईंना हवंय की तुम्हाला?" ती म्हणाली.

"खरं आहे ते सगळं."

"खरं असलं म्हणून? पोरगी रोज त्यांच्यासमोर बसणार. त्या तिच्याकडे बघतील तेव्हा त्यांना हे सगळं आठवणार. बाईंनी दोन गोष्टी विचारल्यात. पोरगी कुठे होती, आणि यापुढे येणार का. तेवढ्यांचं उत्तर द्या."

मी ती पानं चुलीत घातली आणि नवीन कागद घेतला. शेवटी पाठवलेलं पत्र असं होतं:

"सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपण लक्ष घातलेत याबद्दल आभारी आहे. आमच्या कुटुंबात एक वडीलधारी व्यक्ती अंथरुणाला खिळली आहे. तिच्या शुश्रूषेची नेमलेली व्यवस्था मध्यंतरी बंद पडली, व त्या काळात माझी मुलगी काही दिवस तिच्याजवळ राहिली. हे मला आपल्या पत्रावरून कळले. मुलगी वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून राहिली, तिचा दोष नाही. व्यवस्था आता पूर्ववत झाली आहे. यापुढे मुलगी या कारणाने गैरहजर राहणार नाही. आपली चिठ्ठी कृपया माझ्याच नावे कोपरीच्या पत्त्यावर पाठवावी, आणि माझ्या सहीशिवाय कोणतेही उत्तर ग्राह्य धरू नये."

शनिवारी शाळा लवकर सुटे. मी ते पत्र स्वतः नेऊन दिलं. वर्गशिक्षिका तिशीच्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, बोटांना खडू लागलेला. व्हरांड्यात उभ्या राहूनच त्यांनी पत्र वाचलं.

"तापाचा यात उल्लेख नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. ताप नव्हता."

"मग ती आधीची पत्रं?"

"ती मला न विचारता गेली. त्याबद्दल मला इतकंच सांगता येईल."

त्यांनी पत्राची घडी घातली. "मुलीने मला कधी खोटं सांगितलं नाही. विचारलं की नुसती उभी राहायची. परीक्षेला ती बसेल, ते मी मोठ्या बाईंकडे बघते. पण माफीचं माझ्या हातात नाही. फायलीत एकाच गैरहजेरीची दोन कारणं झाली आहेत. आधीची पत्रं खोटी होती आणि ती कोणी लिहिली, एवढं तुम्ही दोन ओळींत लिहून दिलंत, तर माफी टिकेल असं मला वाटतं."

त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावरचा टाक माझ्याकडे सरकवला. त्या चांगुलपणानेच सांगत होत्या.

मला त्या दोन ओळी पाठ होत्या. पण दादा त्या शाळेच्या गल्लीत राहत होता आणि आई त्याच्या घरात होती. कागद फायलीत गेला की गल्लीत जायला वेळ लागला नसता, आणि मग आईला त्या घरात कोणी पाणी कसं दिलं असतं, याचा भरवसा मला राहिला नव्हता. मी म्हटलं, "बाई, माझं लिहिणं एवढंच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टाक परत दौतीत ठेवला.

आठवड्याने माफी रद्द झाल्याची चिठ्ठी आली, कोपरीच्या पत्त्यावर, माझ्या नावे. त्या रविवारी आईला बघायला गेलो तेव्हा ती चिठ्ठी मी दादाला दाखवली. तो निदान काही बोलेल असं मला वाटलं होतं. पैशांची अपेक्षा नव्हती. 'चुकलं' एवढा शब्द पुरला असता.

त्याने चिठ्ठी वाचून परत दिली. "पत्र नीट लिहिता आलं नाही तुला," तो म्हणाला. "माझ्याकडे आणायचंस, मी लिहून दिलं असतं."

आतून आईने हाक मारली, म्हणून मी उठलो. त्यानंतर ती असेपर्यंत मी त्या घरी दर आठवड्याला गेलो. दादाशी बोललो ते डॉक्टर, औषध आणि हवा याबद्दल. मुलगी पुन्हा कधी एकटी त्या दारातून आत गेली नाही. शाळेत जाताना ती मागच्या गल्लीने जाऊ लागली. तसं कर असं मी तिला सांगितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला मावशीचे बारा रुपये मी तिच्याच हातात दिले आणि पुढेही देत राहिलो. माफी गेल्यामुळे डिसेंबर ते एप्रिलच्या फीमधला फरक, महिना दोन याप्रमाणे एकूण दहा रुपये, मी जानेवारीत शाळेच्या कारकुनाकडे एकरकमी भरला आणि पावती घेतली.