त्रेसष्ट नोंदी आणि एक हजर बाई

सावळाराम सर्कलची सही इंदापूर तालुक्यात सगळ्यात वेगवान होती, आणि गड्याला तिचा गर्व होता. १९५५ सालच्या ज्येष्ठात एका गावच्या चावडीत त्रेसष्ट फेरफार नोंदी त्याच्यापुढं येऊन पडल्या. जमिनीवर कुणाचं नाव चढणार, कुणाचं कमी होणार, हे सर्कलच्या, म्हणजे तलाठ्यावरच्या साहेबाच्या, सहीनं ठरायचं. चारला मामलेदार येणार होते आणि त्याआधी सगळा निपटारा करायचा, असं सावळाराम बोलून बसला होता.

तलाठी पानं उलटत गेला. सावळाराम सह्या ठोकत गेला. वाचायचं नाव नाही! अकरा झाल्या. बाराव्याला टाकाची शाई संपली. टाक दौतीत बुडवताना सहज नजर गेली, 'म्हाळसा, विधवा, मयत. वारस पुतण्या गेणू.'

नोटिशीचं काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. नोटीस परत आली होती. म्हाळसाच्या घराला कडी होती, हरकत कुणाची आली नाही, म्हणून तलाठ्यानं गेणूचा शब्द खरा धरला होता.

सावळारामचा टाक थांबला. या गावची मेंढपाळ माणसं मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरतात, मग दार उघडायला असणार कोण? त्यानं पाटलाकडचं मयतांचं बुक मागवलं. त्यात म्हाळसाचं नाव नव्हतं. तो ओट्यावर गेला आणि नाव मोठ्यानं पुकारलं.

कोंडवाड्यातलं मेंढरू सोडवायला आलेली एक बाई काठी टेकत उठली. कालच मेंढरांचा वाडा घेऊन कोकणातून परतली होती.

"मी मेले व्हय, सायेब? मग कोकणातनं मेंढरं कुनी हाकत आणली?"

ओट्याखाली उभ्या गेणूची मान खाली गेली. तिची चार एकर काळी जमीन टाकाच्या एका फटकाऱ्यानं जाणार होती, आणि फटकारा सावळारामचा होता. त्याला स्वतःची शरम वाटली, पण त्याहून आनंद मोठा होता. बाई जिवंत होती आणि सही व्हायची राहिली होती.

मग त्यानं बैठकच नव्यानं मांडली. नोटीस पोचलेली आणि माणसं समोर असलेली पानं एकीकडं, नोटीस परत आलेली किंवा हरकतीची दुसरीकडं. पहिल्या ढिगातली प्रत्येक नोंद गावासमोर मोठ्यानं वाचायची, ऐकून घ्यायचं, मगच सही. दुसऱ्या ढिगाला आज हात नाही. आधीच्या अकराही त्यानं वाचल्या. एकीत सर्व्हे नंबर चुकला होता. केलेली सही स्वतः खोडता येत नाही, म्हणून त्यानं मामलेदारांसाठी आपल्याच चुकीचा अहवाल लिहून ठेवला.

चारला मामलेदार आले, तेव्हा सव्वीस झाल्या होत्या. ते कपाळाला आठ्या घालून अहवाल वाचत राहिले. बाकीच्यांना पुढची तारीख देऊन निघून गेले.

त्यानंतर सावळारामची बदली होईपर्यंत म्हाळसाबाई दर दिवाळीला, मेंढरं रस्त्याला लावून, आधी चावडीवर यायची.

"सायेब, कोकणात चाललेय. जित्ती हाय, ध्यानात ठेवा."

आणि तो टाक खाली ठेवून उभा राहायचा.